सहा सेकंदांत एक गोष्ट आणि एक नाव: बंपर जाहिरातीची स्क्रिप्ट

यूट्यूबवर गाणं किंवा कीर्तन लावलं की आधी एक छोटी जाहिरात येते. ती पुढे ढकलायचं बटण शोधेपर्यंत ती संपलेलीही असते. हिला बंपर म्हणतात. यूट्यूबने हा प्रकार २०१६ मध्ये आणला. नियम एकच, जाहिरात सहा सेकंदांपेक्षा मोठी नको. त्या बदल्यात बघणाऱ्याला ती वगळता येत नाही. त्याआधीपासून चालत आलेली दुसरी जाहिरात पाच सेकंदांनंतर वगळता येते. दोन्हींमध्ये फरक एका सेकंदाचा दिसतो, पण त्यांचं लिखाण अगदी वेगळं असतं. वगळता येणाऱ्या जाहिरातीत पहिल्या पाच सेकंदांत माणसाला थांबवायचं असतं, म्हणजे उरलेली गोष्ट पुढे सांगता येते. बंपरमध्ये ‘पुढे’ काही नसतंच. सांगायचं ते आणि सांगणाऱ्याचं नाव, दोन्ही त्या सहा सेकंदांतच पोचवायचं असतं.

गोव्यातले बरेच छोटे उद्योजक आता अशी जाहिरात करून मागतात. काजूवाले, मसालेवाले, फर्निचरवाले, चवथीच्या आधी नेवऱ्या आणि लाडू करून देणाऱ्या बायका. मागणी जवळजवळ नेहमी सारखीच असते: ‘आमची तीस सेकंदांची फिल्म आहे, तिची सहाची करून द्या.’ ती तशी होत नाही. का होत नाही, आणि मग काय करायचं, हे एक उदाहरण शेवटपर्यंत नेऊन सांगतो. उदाहरण घाण्याच्या खोबरेल तेलाचं घेऊ. ब्रँडचं नाव मी कल्पनेतून घेतलं आहे: कवाथा. फोंडा तालुक्यात कुठेतरी यांचा घाणा आहे असं समजा. फोंडा, डिचोली, म्हापसा इथल्या किराणा दुकानांत तेल जातं, आणि फळीवर शेजारीच मोठ्या कंपन्यांच्या निळ्या-हिरव्या बाटल्या उभ्या असतात.

घाण्याचे मालक सांगायच्या गोष्टींची यादी देतात. नारळ गोव्याचे, घाणा लाकडी, तेल शुद्ध, केसांना चालतं, स्वयंपाकाला चालतं, सगळीकडे मिळतं. प्रत्येक गोष्ट खरी आहे आणि त्यांना प्रत्येकीचा अभिमान आहे. ती सगळी एका वाक्यात बसवली की असं होतं:

‘गोव्याच्या मातीतल्या निवडक नारळांपासून पारंपरिक लाकडी घाण्यावर काढलेलं, केसांसाठी आणि स्वयंपाकासाठी उत्तम असं शंभर टक्के शुद्ध कवाथा खोबरेल तेल, आता तुमच्या जवळच्या दुकानात.’

हे मोबाइलचं स्टॉपवॉच लावून मोठ्याने वाचून पाहा. सावकाश नाही, पण घाईही न करता वाचलं तर बारा-तेरा सेकंद लागतात. सहा सेकंद संपतात तेव्हा आपण ‘केसांसाठी’च्या आसपास असतो आणि ब्रँडचं नाव अजून आलेलं नसतं. ते सतराव्या शब्दाला येतं.

मराठीसाठी एक गोष्ट लक्षात ठेवावी लागते. सहा सेकंदांत इतके शब्द बसतात असा शब्दांचा हिशेब इंग्रजी जाहिरातींच्या सल्ल्यांतून येतो, तो आपल्याकडे लागू पडत नाही. आपले प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दालाच चिकटतात. ‘नारळांपासून’ हा एक शब्द आहे, पण अक्षरं सहा. ‘स्वयंपाकासाठी’ हाही एक शब्द, त्याचीही सहा. म्हणून मी अक्षरं मोजतो, जोडाक्षर एक धरून. ऐकणाऱ्याला नीट कळेल अशा वेगात बोललं तर सेकंदाला साडेपाच-सहा अक्षरं जातात. सहा सेकंदांतला थोडा वेळ सुरुवातीला, थोडा शेवटी आणि थोडा मधल्या विरामांना सोडावा लागतो. बोलायला साडेचार सेकंद उरतात, म्हणजे पंचवीसेक अक्षरं. वरच्या वाक्यात एकोणऐंशी अक्षरं आहेत. त्यातली पहिली पंचवीस ‘लाकडी’पाशीच संपतात, घाण्यापर्यंतही पोचत नाहीत.

ही अडचण जागेची आहे तशी बघणाऱ्याच्या मनःस्थितीचीही आहे. तो आपली जाहिरात बघायला आलेला नाही, त्याला त्याचं गाणं हवं आहे. धावत्या कदंब बसची पाटी वाचताना आपण गावाचं नाव तेवढं टिपतो, खालचे थांबे नाही. तसंच तो या सहा सेकंदांतून एखादीच गोष्ट उचलतो. आपण सहा गोष्टी दिल्या तर कुठली उचलायची ते तो ठरवतो, आणि बहुतेक वेळा सगळ्यात ओळखीची उचलतो: ‘खोबरेल तेलाची काहीतरी जाहिरात होती.’ छोट्या ब्रँडसाठी हा सगळ्यात वाईट निकाल. दुकानात गेल्यावर खोबरेल तेल आठवलं आणि नाव आठवलं नाही, तर हात ओळखीच्या निळ्या बाटलीकडे जातो. म्हणजे आपल्या पैशाने दुसऱ्याची जाहिरात झाली.

म्हणून पहिलं काम यादीतली एक गोष्ट निवडण्याचं, आणि सगळ्यात जास्त वेळ त्यालाच द्यावा. प्रत्येक गोष्टीला मी एक प्रश्न विचारतो: फळीवरची शेजारची बाटली हे म्हणू शकते का? ‘शुद्ध’ कोणीही म्हणतो. शिवाय ‘शंभर टक्के’ हे शब्द खाण्याच्या पदार्थांच्या लेबलवर आणि जाहिरातीत वापरू नका असं अन्नसुरक्षेचं काम पाहणाऱ्या एफएसएसएआय या केंद्रीय संस्थेने २०२५ मध्ये कळवलेलं आहे, तेव्हा ते आधी काढा. ‘केसांना आणि स्वयंपाकाला’ या एकातच दोन गोष्टी आहेत, आणि दोन्ही प्रत्येक खोबरेलाला लागू पडतात. ‘लाकडी घाणा’ बरं आहे, पण आता घाण्याचं तेल म्हणून विकणारे पुष्कळ झाले. ‘सगळीकडे मिळतं’ हे तर मोठ्या कंपनीच्याच बाबतीत जास्त खरं.

मग मालकांना यादीच्या बाहेरचं विचारायचं: ‘आठवड्यात तुमचं काम कसं चालतं ते सांगा.’ इथे हवं ते सापडतं. ते सांगतात, ‘सोमवारी घाणा चालवतो. तेल दोन-तीन दिवस निवळू देतो, गाळ खाली बसतो. मग बाटल्या भरतो आणि शुक्रवारी गाडी दुकानांना जाते.’ दर आठवड्याला असं होत असेल तर शेजारची बाटली हे म्हणू शकत नाही. लांबच्या कारखान्यातून गोदामातून गोदामात फिरत आलेल्या तेलाला वार सांगता येत नाही. मालकांना यात सांगण्यासारखं काही वाटलेलं नसतं, कारण त्यांच्यासाठी ते रोजचं आहे. यादीत म्हणूनच ते आलं नव्हतं.

निवडलेली गोष्ट खरी आहे का आणि खरी राहील का, हेही इथेच तपासायचं. पावसाळ्यात खोबरं उन्हात वाळत नाही. वाळवायची दुसरी सोय नसेल तर आषाढ-श्रावणात एखादा सोमवार चुकणारच. ज्या महिन्यांत घाणा नेमाने चालतो त्याच महिन्यांत ही जाहिरात चालवायची, किंवा वाळलेल्या खोबऱ्याचा साठा आधी करून ठेवायचा. वार सांगून दिलेलं वचन बाटलीवरच्या तारखेशी कोणीही ताडून पाहू शकतं. हीच त्याची ताकद आहे, आणि मोडलं तर नुकसानही इथूनच होतं.

आता हीच गोष्ट पंचवीस अक्षरांत:

‘सोमवारी घाण्यावर, शुक्रवारी दुकानात. कवाथा खोबरेल तेल.’

पहिले चारही शब्द चार-चार अक्षरांचे आहेत. सोळा अक्षरं तिथे गेली, नऊ शेवटच्या तीन शब्दांत. एकही क्रियापद नाही आणि ते नसल्याचं कानाला जाणवत नाही, कारण मराठीत आपण बोलतोच असं: सकाळी मडगावला, संध्याकाळी घरी. ‘ताजं’ हा शब्द मुद्दाम घातलेला नाही. वार ऐकले की ताजेपणा ऐकणारा स्वतः काढतो, आणि स्वतः काढलेलं जास्त टिकतं. विशेषणाऐवजी घडणारी गोष्ट सांगणं सहा सेकंदांत स्वस्त पडतं.

वाक्य झालं म्हणून स्क्रिप्ट झाली असं नाही. बंपर बघणाऱ्यांतला मोठा भाग मोबाइलवर असतो, आणि त्यांतल्या काहींचा आवाज बंद असतो. बसमध्ये, दवाखान्याच्या बाकावर, शेजारी मूल झोपलेलं असताना. म्हणून चित्र एकट्यानेही तीच गोष्ट सांगू शकलं पाहिजे आणि आवाज एकट्यानेही. चित्राने एक सांगायचं आणि आवाजाने दुसरं, असं झालं की एकाच्या दोन गोष्टी झाल्या.

पहिल्यांदा सुचतं ते असं: माडांची बाग, नारळ फोडणं, खोबरं वाळत घातलेलं, फिरणारा घाणा, तेलाची धार, केस विंचरणारी मुलगी, शेवटी बाटली. सात शॉट, प्रत्येकाला सेकंदही नाही. तीस सेकंदांची फिल्म कापली की नेमकं हेच हाती येतं. तिथे प्रत्येक शॉटला तीन-चार सेकंद होते आणि नाव शेवटी येणं शोभत होतं, कारण तोवर बघणारा गोष्टीत रमला होता. सहा सेकंदांत तो रमत नाही. शॉट बदलला की कुठे बघायचं हे डोळ्याला नव्याने शोधावं लागतं आणि त्यात वेळ जातो. सात शॉट म्हणजे सात वेळा शोधणं. म्हणून बंपरमध्ये एक किंवा दोन शॉट. तीन झाले तर तिसऱ्याची गरज मला कोणीतरी पटवून द्यावी.

आपल्या उदाहरणात चित्र एका बाटलीभोवती बांधता येतं. बाटली पडद्याच्या मध्यभागी उभी, लेबल समोर, त्यावर ‘कवाथा’ ठळक. पहिल्या शॉटमध्ये ती रिकामी आहे आणि मागे घाणा फिरतो आहे. दुसऱ्यात तीच बाटली पडद्यावर त्याच जागी आहे, पण भरलेली, आणि मागे किराणा दुकानाची फळी. मधे एकच कट. बाटली हलत नसल्यामुळे डोळ्याला काही शोधावं लागत नाही. बदललं काय ते लगेच दिसतं: रिकामीची भरली आणि घाण्याचं दुकान झालं. आवाज नसला तरी सोमवार ते शुक्रवार हा प्रवास कळतो. नाव पहिल्या क्षणापासून शेवटपर्यंत डोळ्यांसमोर आहे. ते शेवटी पाटीसारखं आणून ठेवावं लागत नाही.

कागदावर स्क्रिप्ट अशी दिसते. डावीकडे वेळ सेकंदांत, पुढे दिसणारं, मग ऐकू येणारं.

०.० ते ०.५: घाण्याच्या खोलीत रिकामी बाटली, लेबल समोर. फक्त घाण्याची करकर.
०.५ ते २.४: तेच दृश्य. बाटलीच्या वर अक्षरं: ‘सोमवारी घाण्यावर’. आवाज: ‘सोमवारी घाण्यावर,’
२.४ ते ४.१: कट. दुकानाची फळी, तीच बाटली भरलेली. अक्षरं: ‘शुक्रवारी दुकानात’. आवाज: ‘शुक्रवारी दुकानात.’
४.१ ते ५.५: एक हात बाटली उचलून पुढे आणतो, लेबल पडदाभर होतं. आवाज: ‘कवाथा खोबरेल तेल.’
५.५ ते ६.०: लेबल स्थिर. बाटली ठेवल्याचा बारीक आवाज, मग शांतता.

सुरुवातीचा अर्धा सेकंद निवेदनाला दिलेला नाही, कारण तो ऐकला जात नाही. माणसाने नुकतंच कशावर तरी बोट दाबलेलं असतं, त्याचा कान अजून यायचा असतो. तिथे ब्रँडचं नाव उच्चारलं तर बऱ्याचदा वाया जातं. घाण्याची करकर मात्र त्याला आपल्याकडे वळवते. शेवटचा अर्धा सेकंद मोकळा ठेवला आहे, कारण सहावा सेकंद संपताक्षणी त्याचं गाणं सुरू होतं. ‘तेल’ हा शब्द अगदी काठावर ठेवला तर तबल्याच्या पहिल्या थापेखाली दबतो.

काही लोक नाव पहिल्या सेकंदाला उच्चारलंच पाहिजे असं मानतात. मी तसं मानत नाही, पण ते डोळ्यांना पहिल्या सेकंदापासून दिसलंच पाहिजे यावर ठाम आहे. आवाजात ते शेवटी आलं की एक सोय होते: आधी सांगितलेल्या गोष्टीला ते उत्तर होऊन बसतं. सोमवारी घाण्यावर, शुक्रवारी दुकानात, असं कोण? कवाथा.

अक्षरांच्या आकाराकडे फार दुर्लक्ष होतं. एडिट होतं मोठ्या मॉनिटरवर, तिथे सगळं वाचता येतं. मोबाइल उभा धरला की पडद्याची रुंदी साधारण सात सेंटिमीटर, आणि आडवा व्हिडिओ त्यात जेमतेम चार सेंटिमीटर उंच दिसतो. व्हिडिओच्या उंचीच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या ओळीला तिथे चार मिलिमीटर मिळतात. देवनागरीत त्या चारांत वरच्या मात्रा-वेलांट्याही बसवायच्या आणि खालचे उकारही. अक्षराच्या मूळ अंगाला दोन-अडीच मिलिमीटर उरतात. ‘शुक्रवारी’मधला ‘क्र’ बारीक रेघांच्या फाँटमध्ये त्या आकाराला वाचता येत नाही. म्हणून जाड फाँट, एका वेळी दोनच शब्द, आणि तेही पडद्याच्या वरच्या अर्ध्यात. खालच्या बाजूला यूट्यूब स्वतःचं सामान ठेवतं: जाहिरात असल्याची खूण, जाहिरातदाराचं नाव, संकेतस्थळाचं बटण. ते नेमकं कुठे येतं हे फोनवर, टीव्हीवर आणि संगणकावर वेगळं असतं. खालच्या कडेला नाव लिहिलं तर ते त्या सामानाखाली जाऊ शकतं. तपासणी सोपी आहे. तयार व्हिडिओ मोबाइलवर घ्या, फोन हात लांब करून धरा, आणि वाचता येतं का पाहा.

फोन नंबर आणि पत्ता घालू नका. सहा सेकंदांत कोणी नंबर टिपून घेत नाही, आणि वाचण्यासारखं काही दिसलं की डोळा नावावरून तिकडे जातो.

ध्वनिमुद्रणाची गंमत पणजीतल्या एका स्टुडिओत पाहिली. निवेदनाला देवळांतल्या उत्सवी नाटकांत वर्षानुवर्षं काम केलेले एक ज्येष्ठ नट आले होते. आवाज असा की मांडवाच्या शेवटच्या रांगेपर्यंत जावा. पहिल्या वाचनाला त्यांनी ‘सोमवारी’नंतर असा विराम घेतला की प्रेक्षागृह स्तब्ध झालं असतं. आमचे सव्वाआठ सेकंद झाले.

‘भाऊ, विराम जरा आवरता येईल?’ मी विचारलं.

‘विराम काढला तर वाक्य पडतं रे,’ ते म्हणाले. ‘त्यापेक्षा मला एक सांग, हे मी कोणाला सांगतोय?’

‘गिऱ्हाइकाला. ते समोर उभं आहे, तुम्ही दुकानदार, बाटली पुढे करताय.’

पुढचं वाचन पावणेपाच सेकंदांत झालं, आणि घाई कुठेच वाटली नाही. वेळ शब्दांनी खाल्लेला नव्हता, आवाजाच्या उंचीने खाल्लेला होता. लांबच्या माणसाशी बोलताना आपण स्वर ताणतो, जवळच्याशी ताणत नाही. निवेदकाला ‘लवकर बोला’ न सांगता ऐकणारा किती जवळ आहे ते सांगावं.

वाचन मोठं झालं तर एडिटमध्ये वेग वाढवून बसवू, असं सगळे म्हणतात. मराठीत हे लगेच उघडं पडतं. ‘घाण्यावर’मधला ‘ण्या’ आणि ‘शुक्र’मधला ‘क्र’ वेग वाढवला की आधी चुरगळतात. बसत नसेल तर शब्द काढा. इथे एखादा काढायची वेळ आलीच तर ‘तेल’ काढता येईल. ‘कवाथा खोबरेल’ एवढ्याने काम भागतं.

चित्रीकरणाचा एक धोका फक्त या मालापुरता आहे, पण सांगतो, कारण त्याने अख्खा दिवस जाऊ शकतो. खोबरेल तेल चोवीस-पंचवीस अंशांच्या खाली थिजू लागतं. एसी चालू असलेल्या स्टुडिओत बाटली तासभर ठेवली की तेल आधी गढूळ दिसतं, मग पांढरं. रिकामी आणि भरलेली बाटली हाच आपल्या चित्राचा सगळा आधार आहे, आणि थिजलेलं तेल मोबाइलवर तेल वाटतच नाही. बाटल्या कोमट पाण्यात ठेवायच्या आणि शॉटच्या आधीच पुसून बाहेर काढायच्या.

व्हिडिओ फाइलची लांबीही नीट पाहावी. पंचवीस फ्रेमच्या व्हिडिओत सहा सेकंद म्हणजे दीडशे फ्रेम. एडिटमध्ये शेवटी दोन काळ्या फ्रेम राहून गेल्या, किंवा आवाजाची पट्टी चित्रापेक्षा किंचित पुढे गेली, तर फाइल सहा सेकंदांच्या वर जाते आणि मग ती बंपर म्हणून चालत नाही. मी शेवटच्या तीन-चार फ्रेम आधीच सोडून देतो. शेवटी शांतताच ठेवलेली असल्यामुळे त्या गेल्याचं कळत नाही.

जाहिरात लावताना गोव्यात एक सेटिंग विशेष जपावं लागतं. ठिकाण म्हणून गोवा निवडलं की गुगल अॅड्स दोन प्रकारची माणसं धरू शकतं: गोव्यात असलेली, आणि गोव्याविषयी रस दाखवणारी. दुसऱ्या प्रकारात दिल्ली-मुंबईत बसून सुट्टीचं हॉटेल शोधणारे सगळे येतात. त्यांना फोंड्याच्या दुकानातलं तेल दाखवून उपयोग नाही. प्रत्यक्ष त्या ठिकाणी असणारे किंवा नियमित येणारे, एवढाच पर्याय ठेवायचा. भाषाही मराठी निवडायची. कोकणीत बोलणारं गिऱ्हाईक जास्त असेल तर वेगळी कोकणी जाहिरात करा, तिची अक्षरं नव्याने मोजून आणि नव्याने मुद्रण करून. एकाच सहा सेकंदांत दोन भाषा कोंबू नका.

पैसे दर हजार वेळा दाखवण्याचे जातात. कोणी बटण दाबलं की नाही याचा त्याच्याशी संबंध नसतो. यातूनच बंपरची मोठी फसगत येते. वगळता येणारी जाहिरात वाईट असेल तर लोक ती वगळतात, आणि तो आकडा आपल्याला दिसतो. बंपर वाईट असली तरी वगळता येत नाही, म्हणून ‘पूर्ण पाहिली’चा आकडा शंभराच्या जवळच राहतो. तो आकडा दाखवून कोणी यश सांगत असेल तर त्याने काहीच सांगितलेलं नाही. बटणावरचे क्लिकही कमीच असतात. त्यावरून जाहिरात पडली असंही म्हणता येत नाही, कारण बंपरकडून मागायची ती आठवण, लगेचची खरेदी नाही.

आठवण मोजण्याची मोठ्या जाहिरातदारांची साधनं छोट्या घाण्याला परवडत नाहीत. पण लावण्याआधी घरच्या घरी एक चाचणी करता येते. ज्यांना या कामाची काही कल्पना नाही अशा सात-आठ जणांना एकेकटं बसवा. त्यांना त्यांच्या आवडीचा व्हिडिओ लावून द्या, पुढे ही जाहिरात आणि दुसरी एखादी जोडून. काय पाहायचं ते सांगू नका. अर्ध्या तासाने, मधे चहा झाल्यावर विचारा: आधी कसल्या जाहिराती होत्या? मग विचारा: नाव काय होतं?

उत्तरं साधारण तीन तऱ्हांची येतात आणि प्रत्येकीवरचा उपाय वेगळा. ‘खोबरेलाची होती’ एवढंच आलं, तर निवडलेली गोष्टच पोचली नाही. तेव्हा चित्रात काय गर्दी झाली ते शोधायचं. बहुतेक वेळा दुकानाच्या फळीवर इतर बाटल्या फार असतात. त्या काढा, मागचं सगळं धूसर करा. ‘कवाथा’ आलं पण वार आठवत नाहीत, तर नाव मोठं झालं आणि गोष्ट लहान राहिली. तेव्हा रिकामी बाटली जरा जास्त वेळ दिसू द्या, कट थोडा उशिरा घ्या. तिसरी तऱ्हा सगळ्यात वारंवार दिसते: ‘ते सोमवार-शुक्रवारचं तेल, पण नाव नाही आठवत.’ म्हणजे गोष्ट बसली आणि नाव गळलं.

जाहिरात चालू झाल्यावर हेच दुकानदारांकडून कळतं. गिऱ्हाईक ‘कवाथा द्या’ म्हणतं की ‘ते शुक्रवारचं तेल द्या’ म्हणतं, एवढं दोन-तीन दुकानांत विचारत राहायचं. तोवर एका माणसाला ती आठवड्यात किती वेळा दिसावी याची मर्यादा घालून ठेवा. तेच सहा सेकंद दिवसात पाच-पाच वेळा पुढ्यात आले की घाण्याची करकरही नकोशी होते. कानाला टोचणारा आवाज किंवा शेवटी धक्का देणारा विनोद बंपरमध्ये मला म्हणूनच नको वाटतो. पहिल्यांदा हसू येतं, पुढे राग.

नाव गळत असेल तर नवी फिल्म करायची गरज नाही. चित्र तेच ठेवून आवाज बदलून पाहायचा. ‘कवाथा खोबरेल. सोमवारी घाण्यावर, शुक्रवारी दुकानात. कवाथा.’ यात अक्षरं सव्वीस होतात, ‘तेल’ गेलं, नाव दोनदा आलं. पहिलं नाव घाण्याच्या करकरीनंतर येतं, म्हणून पूर्ण वाया जात नाही. शेवटचं एकटं उभं राहतं. विराम मात्र एक वाढला, म्हणून करकर अर्ध्याऐवजी पाव सेकंदावर आणावी लागेल आणि कट २.४ वरून ३ सेकंदांच्या जवळ सरकवावा लागेल. मग तीच चाचणी नव्या सात-आठ जणांवर घ्यायची. जुने चालणार नाहीत, त्यांना नाव आता पाठ झालेलं असतं.